जयसिंगरावांची पेन्सिल

चामराजपेटात जयसिंगरावांना कुणी जयसिंगराव म्हणत नसे. गल्लीतली कन्नड माणसं त्यांना अण्णा म्हणत, आणि त्यांच्या क्लासची पोरं सर. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठ्याचं घर. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मिसळलेली, की पुण्याहून कुणी पाहुणा आला तर निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून जाई आणि उरलेल्या निम्म्यावर तो हसे. जयसिंगरावांना त्याचा राग यायचा. राग त्यांना कशाचाही यायचा. पण आपल्या हुशारीवर कुणी बोट ठेवलं, तर मात्र तो नाकाच्या शेंड्यावर येऊन बसे.

बावीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढायची, रेघ केसासारखी बारीक. पुढे कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा स्वेच्छेने निवृत्ती घेऊन हे घरी आले आणि पुढच्या खोलीत बँकेच्या परीक्षांचा क्लास काढला. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. पण वर्षभरात ती खोली भरली, व्हरांडा भरला, आणि बायकोला, म्हणजे चंद्राबाईंना, तुळशीची कुंडी गच्चीवर न्यावी लागली.

क्लास चालला तो एका गोष्टीवर. बँकेच्या परीक्षेत आलेखांचे प्रश्न असतात. कुठल्या वर्षी किती टन साखर निघाली, किती सायकली विकल्या, याचे उभे खांब काढलेले असतात आणि खाली विचारतात, अमुक सालापासून तमुक सालापर्यंत शेकडा किती वाढ? नव्या आकड्यातून जुना वजा करा, उरेल त्या फरकाला धरा, त्याला जुन्या आकड्याने भागा, शंभराने गुणा. पोरं यातच घामाघूम होतात, कारण घड्याळ पळत असतं. जयसिंगरावांनी त्यावर एक रीत काढली. पेन्सिल जुन्या खांबाला लावायची, खांब संपेल तिथे पेन्सिलीवर नखाने खूण करायची आणि तेवढं माप नव्या खांबाला लावून बघायचं. नवा खांब दीडपट भरला, वाढ पन्नास टक्के. दुप्पट भरला, शंभर टक्के. आकडे वाचायला नकोत, भागाकार नको. दहा सेकंदांत उत्तर.

आणि उत्तर बरोबर यायचं! क्लासातले सराव पेपर जयसिंगराव स्वतः काढत. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने आलेख कोरायचा आणि शाईचा रूळ फिरवून प्रती काढायच्या. चौकटी सरळ याव्यात म्हणून त्यांनी एक पुठ्ठा आखून ठेवला होता. तोच पुठ्ठा दर वेळी स्टेन्सिलखाली. त्याच्या सगळ्यात खालच्या रेघेवर शून्य, आणि तिथून वर एकेक घर सारख्या किमतीचं. खांब शून्यावर उभा असेल, तर त्याची उंची म्हणजेच त्याचा आकडा, आणि मग पेन्सिल खोटं बोलत नाही. अकरा वर्षांत त्या खोलीत जेवढे आलेख निघाले, ते सगळे त्या एका पुठ्ठ्यावरचे. पेन्सिलीला खोटं बोलायची संधीच कधी मिळाली नाही.

दर बॅचच्या शेवटच्या दिवशी चंद्राबाई चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा भात, करत आणि जयसिंगराव प्रत्येकाच्या हातात एक नवी पेन्सिल देत. लाल-काळ्या पट्ट्यांची, दोन्ही टोकं तासलेली. "परीक्षेला हीच न्यायची," असं बजावत. पोरं ती पेन्सिल देव्हाऱ्यात ठेवत. त्यातली काही पास होत, बरीच होत नसत. नापास झालेलीही येऊन हेच सांगत, "सर, आलेख मात्र सहा मिनिटांत उरकले. इंग्लिशनं घात केला असणार." जयसिंगराव मान हलवत. इंग्रजीवर त्यांचा पहिल्यापासून दात होताच.

शहाण्णव सालच्या बॅचमध्ये महानंदा होती. निपाणीकडची. टेलिफोनच्या एका एसटीडी बूथमध्ये दिवसभर बसायची आणि संध्याकाळी क्लासला यायची. वडील गेलेले, आई निपाणीला विड्या वळायची. महानंदाची ही परीक्षा शेवटची होती. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत नव्हती. हे ती कुणाला रडून सांगत नसे, पण तिच्या वहीच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिलेली होती आणि त्याखाली लाल शाईने परीक्षेची तारीख. जयसिंगरावांनी ते एकदा पाहिलं होतं आणि पान उलटलं होतं. ती पोरगी त्यांची लाडकी होती. पण लाड दाखवतील तर ते जयसिंगराव कसले!

डिसेंबरमध्ये एकदा पेन्सिलीची रीत चालू असताना तिने हात वर केला.

"सर, खालचा आकडा शून्य नसला तर ओ?"

"म्हणजे?"

"म्हणजे खांब शंभरापासनं नाहीतर दोनशेपासनं काढला असला तर? मग खालचा भाग दिसायचाच नाही की. पेन्सिल कशी लावायची?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. पण व्हरांड्यापर्यंत चाळीस पोरं बसलेली, त्यात दोन नवी, आणि जयसिंगरावांच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"महानंदाबाई," ते म्हणाले, "तुमच्या निपाणीत घरं पाया सोडून वरच बांधतात काय? आमच्याकडं खांब जमिनीवरनं उठतो."

खोली हसली. महानंदाही हसली, खाली मान घालून. वहीत तिने काहीतरी खोडलं. पुन्हा तिने तो प्रश्न विचारला नाही. त्या दिवसापासून ती पेन्सिल इतकी सफाईने चालवायला लागली, की सरांनी तिला फळ्यापुढे बोलावून सगळ्यांना तिचा हात दाखवला.

परीक्षा रविवारी होती. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, श्रीरंग आला. दोन वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. हुशार म्हणावा असा, आणि दोनदा नापास. आता भावाच्या भांड्याच्या दुकानात बसणार होता. क्लासातून नेलेली पुस्तकं परत करायला आला होता. पुस्तकं टेबलावर ठेवली आणि उठायच्या ऐवजी त्याने पिशवीतून मुंबईहून मागवलेली एक सराव पुस्तिका काढली.

"सर, एक आलेख सोडवून दाखवता?"

"परीक्षा तुझी संपली की रे."

"माझी संपली," श्रीरंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जयसिंगरावांना कसंतरी वाटलं. "तुम्ही सोडवा. पेन्सिलीनं."

पान उघडलं. दोन खांब होते, सिमेंटचं उत्पादन. जयसिंगरावांनी खिशातली पेन्सिल काढली, पहिल्या खांबाला लावली, नखाने खूण केली, दुसऱ्याला लावली. नवा खांब बरोबर दुप्पट.

"शंभर टक्के."

"पर्यायांत आहे?"

होतं. चार उत्तरांत तिसरं, शंभर टक्के. जयसिंगरावांनी बोट ठेवलं.

"आता काठ वाचा सर. डावीकडचा."

त्यांनी वाचला. सगळ्यात खाली चाळीस लिहिलं होतं. शून्य नाही, चाळीस. वरच्या रेघेवर पन्नास, त्यावर साठ. पहिला खांब पन्नासाला संपत होता, दुसरा साठाला. पन्नासाचे साठ झाले, म्हणजे वाढ दहाची, पन्नासावर दहा, म्हणजे वीस टक्के. वीस हे पहिलंच उत्तर होतं. डोळ्यांना दुप्पट दिसत होतं, कारण खालचे चाळीस कागदावर काढलेलेच नव्हते.

जयसिंगरावांनी पान उलटलं. पुढच्या पानावर दोन आलेख शेजारीशेजारी. डावीकडे एका सालचा गहू, खांब आठ घरं उंच. उजवीकडे पुढच्या सालचा, खांब सहा घरं. पेन्सिलीने बघितलं तर आठाचे सहा, पंचवीस टक्के घट, आणि तेही उत्तर पर्यायांत वाट बघत बसलेलं. पण डाव्या काठावर बारीक अक्षरांत 'हजार टन' लिहिलं होतं आणि प्रत्येक घर दहाचं होतं. म्हणजे ऐंशी हजार टन. उजव्या काठावर 'दहा हजार टन', आणि प्रत्येक घर दोनचं. म्हणजे बारा गुणिले दहा हजार, एक लाख वीस हजार. घट नव्हतीच. पन्नास टक्के वाढ होती.

"पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं सर, माणूस कुठं चुकणार ते," श्रीरंग म्हणाला. "चुकीचं उत्तर तो आधीच लिहून ठेवतो. म्हणून आपल्याला शंकाच येत नाही. मी दोन्ही वेळेला हसत बाहेर आलो."

तो गेला. चंद्राबाईंनी आणलेला चहा तसाच राहिला. जयसिंगराव बसून राहिले, आणि त्यांना एकदम आपल्या जुन्या ऑफिसातली ड्रॉइंगं आठवली. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकटीत छापलेलं असे, प्रमाण किती आणि माप कशात. त्याखाली एक सूचना, 'ड्रॉइंगवर पट्टी लावून मोजू नका. लिहिलेलं माप घ्या.' बावीस वर्षं त्यांनी ते वाचल्याशिवाय कुठल्या कागदाला हात लावला नव्हता. एका पोराने पट्टी लावून माप काढलं, तेव्हा त्याला त्यांनी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं, कारण त्या मापाने लोखंड कापलं असतं तर सगळा माल भंगारात गेला असता. आणि मग घरी येऊन त्यांनी अकरा वर्षं पोरांना कागदावर पट्टी लावायला शिकवलं. फक्त पट्टीच्या जागी पेन्सिल.

नापास झालेली एकेक तोंडं डोळ्यांपुढे यायला लागली. सहा मिनिटांत आलेख उरकलेली. आणि मग महानंदाचं तोंड आलं.

ते टोपी न घालताच कोपऱ्यावरच्या फोनवर धावले आणि तिच्या बूथचा नंबर फिरवला. मालकाने सांगितलं, ती दुपारीच राजाजीनगरला बहिणीकडे गेली, सेंटर तिकडेच आहे. बहिणीचा पत्ता? मालकाला ठाऊक नव्हता. सेंटर कुठलं, हे मात्र जयसिंगरावांना ठाऊक होतं. प्रवेशपत्र तिने त्यांना दाखवलं होतं, पाया पडून.

"सकाळी जातो," ते चंद्राबाईंना म्हणाले. "शाळेच्या दारात गाठतो. दोन वाक्यांचं तर काम. पहिल्यांदा काठ वाच. खाली कितीपासून सुरुवात, एक घर कितीचं, माप कशात. मग भागाकार कर. बस्स."

"तिनं विचारलं होतं न्हवं तेच?" चंद्राबाई म्हणाल्या. त्या आतल्या खोलीतून सगळं ऐकत असत.

रविवारी सकाळी ते मार्केटच्या बसस्टॉपवर वेळेत पोहोचले. बस आली, दाराशी थांबली. लवकर चढा म्हणून कंडक्टर ओरडला, "बेगा बन्नी, अण्णा, बेगा!" जयसिंगरावांचा एक पाय पायरीवर होता. त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, शाळेच्या दारात आणखी पोरं असतील. आपल्याच क्लासची पाच-सहा असतील. त्यांच्यासमोर म्हणायचं, माझं चुकलं? आणि ऐन परीक्षेला असं ऐकून पोरगी गांगरली तर? शिवाय पेपरात आलेख शून्यावरचेच येतील कदाचित. दर वेळी थोडेच तसे येतात. मन कारणं शोधायला लागलं की कारणांना तोटा नसतो. त्यांनी पाय मागे घेतला. बस गेली.

दुसरी बस पाऊण तासाने आली. त्या पाऊण तासात जयसिंगराव पस्तावले, तळमळले, रिक्षाला हात केला. रिक्षावाला रविवारचा तेवढ्या लांब यायला तयार झाला नाही, आणि शेवटी ते बसनेच गेले. शाळेचं फाटक बंद झालेलं होतं. वॉचमन म्हणाला, "एल्लारू ओळगे होगिदारे." सगळे आत गेले होते. जयसिंगरावांनी हात जोडले. एका मुलीला एकच वाक्य सांगायचं आहे, म्हणाले. वॉचमनला दया आली असावी, पण त्याने मान हलवली.

समोर एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर जयसिंगराव बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या होत्या, पोरांच्या माना दिसत होत्या, सगळ्या खाली. कुठली महानंदाची ते कळत नव्हतं. पंख्यांचा आवाज, मधूनच पर्यवेक्षकाच्या चपला. जयसिंगराव घड्याळ बघत होते. आता आलेखांचं पान आलं असेल. आता तिने पेन्सिल काढली असेल.

घंटा झाली. पोरं लोंढ्याने बाहेर आली आणि त्यात महानंदा होती, हसत. तिला सर दिसले आणि ती जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून आली.

"सर! तुम्ही आलात ओ? आलेखाचे पाच प्रश्न, सर, चार मिनिटांत! क्लासात पण एवढं जमलं नव्हतं. शेजारची पोरगी बघतच राहिली."

"छान," जयसिंगराव म्हणाले. "कसला आलेख होता?"

"सायकलींचा. कुठल्याशा कारखान्याचा, चार वर्षांचा." पायरीवर बसून तिने प्रवेशपत्राच्या पाठीवर पेन्सिलीने खांब काढायला सुरुवात केली. "हे पहिलं वर्ष, हे शेवटचं. पहिला दोन घरं, शेवटचा चार घरं. म्हणजे दुप्पट. शंभर टक्के. उत्तरांत होतं की."

"काठावर काय होतं?"

"काय?"

"डाव्या बाजूला, महानंदा. सगळ्यात खाली. आकडा काय होता?"

ती हसतच आठवायला लागली. "वरती पाचशे होता. शेवटचा खांब पाचशेला लागला होता. त्याच्या खाली साडेचारशे, मग चारशे, मग..." पेन्सिल एकेक रेघ उतरत खाली आली. चारशे. साडेतीनशे. खालच्या रेघेवर येऊन ती थांबली.

"तीनशे," ती म्हणाली.

ती पोरगी हुशार होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. प्रवेशपत्राच्या पाठीवर तिने हळूहळू लिहिलं, चारशे, पाचशे. फरक शंभर. शंभर भागिले चारशे. पंचवीस. तो आकडा ती बघत राहिली.

"पाची प्रश्न त्याच आलेखावर होते ओ सर," ती म्हणाली. "पाची मी पेन्सिलीनं केले."

फाटकापाशी क्लासची आणखी दोन पोरं उभी होती. ती लांबून सरांना हात हलवत होती, पेन्सिली वर करून. जयसिंगरावांना त्यांच्याकडे बघवेना.

"मला काल दुपारी कळलं," ते म्हणाले. "सकाळची पहिली बस माझ्यासमोर आली होती. मी चढलो नाही." बावन्न वर्षांत एवढं खरं ते कुणाशी बोलले नव्हते.

महानंदाने त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं.

"मी विचारलं होतं की ओ सर," ती म्हणाली. "तेव्हाच विचारलं होतं."

तिने प्रवेशपत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि उठली. बहीण जेवायला वाट बघत असेल, म्हणाली. जाताना तिने पेन्सिल सरांच्या हातात दिली, वर्गात खडू परत करावा तशी, दोन्ही हातांनी. लाल रंगावर नखाची खूण होती, अजून ताजी. तिथपासून टोकापर्यंत पहिल्या खांबाची दोन घरं भरत होती.